हवी ती किंमत काढून मिळेल

डीसीएफ, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढायला बसताय? मग आधी शेठना फोन लावा आणि विचारा, "आकडा किती आणायचाय?" एक्सेल त्यानंतर उघडायचं.

परवा माझ्या क्लायंटला चाकणच्या एका बिनकर्जी कारखान्यात हिस्सा घ्यायचा होता. विकणाऱ्याच्या सल्लागाराने शुक्रवारी पूर्ण कंपनीची किंमत 196 कोटी पाठवली, सोमवारी 268. मधले दोन दिवस कारखाना बंद होता. सुट्टीतही 72 कोटी कमावतो, असा गुणी कारखाना!

पहिली पाच वर्षं थाटात मांडा. पहिल्या वर्षी 10 कोटी रोकड, दरसाल 15 टक्के वाढ, चाळीस ओळी, तीन रंग. समोरचा तिथेच वाद घालून दमतो, आणि त्या पाच वर्षांची आजची किंमत असते जेमतेम 47 कोटी.

पुढची रोकड ज्या दराने आजच्या किमतीत आणायची, त्या डिस्काउंट रेटचं फार मनावर घेऊ नका. सरकारी रोख्याचे 7, जोखमीचे 5 गुणिले बीटा, म्हणजे बाजाराच्या मानाने कंपनी किती हलते तो आकडा, तो 1 धरला की झाले 12 टक्के. बीटा 0.8 केला की 11. कारण विचारलं तर "तुलनीय कंपन्या" म्हणायचं.

खरी कमाई शेवटच्या ओळीत आहे. सहाव्या वर्षापासून जगाच्या अंतापर्यंतचं सगळं, म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू किंवा TV, एका भागाकारात मावतं; FCF5 ही पाचव्या वर्षाची रोकड, r हा डिस्काउंट रेट, g ही त्यानंतरची कायमची वाढ:

```
TV = FCF5 × (1+g) / (r − g)
```

शुक्रवारी r 12 आणि g 5, म्हणजे खाली 7. सोमवारी 11 आणि 6, म्हणजे खाली 5. दोन्ही आकडे एकेकाने हलले, पण टर्मिनल व्हॅल्यूची आजची किंमत 149 वरून 220 कोटी झाली. पाच वर्षांचे 47 होते ते 48 झाले, बस्स.

आणि ही 6 टक्के वाढ येणार कशातून? मी शेवटच्या वर्षाचा कॉलम उघडला, तर नव्या मशिनींचा खर्च बरोब्बर घसाऱ्याइतका. म्हणजे जुनी प्रेस मोडली की तशीच दुसरी आणायची, जादा एकही नाही, खेळत्या भांडवलात एक रुपया नाही, आणि माल मात्र अनंतकाळ वाढत जाणार! अहो, गुंतवणुकीवर 15 टक्के परतावा धरला, तरी 6 टक्के वाढीसाठी नफ्यातले 40 टक्के परत धंद्यात घालावे लागतात. तसे घातले की त्यांच्याच 11 टक्क्यांनी 268 चे 180 होतात. मी त्या सल्लागाराला फोनवर हे सांगितलं, तर म्हणे, "सर, मॉडेल तसंच येतं."

येत नाही, तुम्ही आणता! किमतीतले 82 टक्के एका खान्यातून काढता आणि त्या खान्याबद्दल 60 पानी रिपोर्टात दीड ओळ लिहिता? r आणि g चा साधा तक्ता जोडायला काय जातं? पाचव्या वर्षाच्या रोकडीच्या 21 पट किंमत लावलीत, त्या धंद्यात आज कोणी इतकी देतंय का, एवढं तरी बघायचं. खाली सही तुमची आहे, शेठची नाही.