टीडीएस कापला नाही, म्हणून व्याज लपले असे होत नाही

"एफडी एकाच बँकेत ठेवू नका, तीन-चार बँकांत वाटा. कुठेच व्याज टीडीएसच्या मर्यादेवर जाऊ देऊ नका. टीडीएस कापला नाही म्हणजे आयकर खात्याला पत्ताच नाही. एवढे लाखो रिटर्न कोण तपासत बसतो? आणि बँकांनी कळवून तरी काय होते, प्रामाणिक माणूस आपणहून भरतो आणि चोर चोरतोच. सगळा जाच फक्त पगारदाराला."

हा मजकूर गेली दोन-तीन वर्षे मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर जूनच्या सुमारास फिरतो. मी मुलुंडमध्ये लोकांची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो आणि या मजकुरावर विसंबून अडचणीत आलेली माणसे माझ्यासमोर बसलेली आहेत, म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी गफलत मर्यादेच्या अर्थात आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात एका बँकेतले मुदत ठेवींचे व्याज ४०,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत ५०,००० रुपयांपर्यंत असेल, तर बँकेला त्यातून करकपात करावी लागत नव्हती. १ एप्रिल २०२५पासून हे आकडे अनुक्रमे ५०,००० आणि १ लाख झाले. परंतु ही मर्यादा कर कापण्याची आहे, कळवण्याची नव्हे. कोणाला किती व्याज दिले याचे स्वतंत्र विवरण बँकेला दरवर्षी आयकर खात्याकडे पाठवावे लागते, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मे ही त्याची मुदत असते, आणि ज्या बचत खात्यावरील व्याजातून टीडीएस कधीच कापला जात नाही त्या व्याजाचीही नोंद त्यात असते. या सगळ्या नोंदींना जोडणारा दुवा म्हणजे पॅन. ठेवी तीन बँकांत असोत की सहा, पॅन एकच असल्यामुळे त्या ठेवी आयकर खात्याच्या संगणकावर एकाच नावाखाली ओळीने उभ्या राहतात.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून कोणतेही नाव देत नाही. सत्तावन्न वर्षांचे एक नोकरदार गृहस्थ. २०२३-२४ मध्ये प्रमाणित वजावट जाऊन त्यांचे करपात्र वेतन १० लाख रुपये होते, नवी करप्रणाली घेतलेली होती आणि त्या वेतनावरचा ६२,४०० रुपयांचा कर कंपनीने पगारातूनच कापला होता. वडिलोपार्जित जागेच्या वाटणीतून आलेली रक्कम त्यांनी अगदी वरच्या सल्ल्याप्रमाणे तीन बँकांत ठेवली. व्याज आले ३८,०००, ३६,००० आणि ३४,००० रुपये. बचत खात्याचे ७,४०० रुपये वेगळे. एकाही ठिकाणी टीडीएस कापला गेला नाही. जुलैमध्ये त्यांनी फक्त फॉर्म १६ समोर ठेवून स्वतःच विवरणपत्र भरले आणि पोर्टलने आधीच भरून दाखवलेले व्याजाचे आकडे पुसून टाकले, कारण "कापले नाही म्हणजे दाखवायचे नाही" अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना संदेश आला. विवरणपत्रातले उत्पन्न आणि खात्याकडची माहिती यांत तफावत आहे, एवढाच त्याचा आशय होता. त्या महिन्यात आयकर खात्याने अशा तफावतींसाठी देशभर मोहीमच काढली होती. आम्ही दोघांनी मिळून पोर्टलवर त्यांचे वार्षिक माहिती विवरण उघडले. `SFT-016` या संकेतांकाखाली चार ओळी होत्या. प्रत्येकीत बँकेचे नाव, खात्याचा क्रमांक, खात्याचा प्रकार आणि व्याजाची रक्कम रुपयापर्यंत बिनचूक होती. पिशवीतून आणलेली पासबुके ते एकेका ओळीशी ताडून पाहत होते आणि चौथी ओळ जुळल्यावर त्यांनी पासबुके मिटून ठेवली. एकूण व्याज १,१५,४०० रुपये. ते १५ टक्क्यांच्या टप्प्यात येत असल्याने त्यावर उपकरासह १८,००२ रुपये कर निघाला, आणि आगाऊ कर न भरल्याबद्दलचे व्याज सुमारे अडीच हजार. सुधारित विवरणपत्राची मुदत अजून शिल्लक होती म्हणून प्रकरण तेवढ्यावर मिटले. ती मुदत उलटली असती, तर कर आणि व्याज यांच्यावर आणखी किमान २५ टक्के भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करावे लागले असते.

आता "लाखो रिटर्न कोण तपासतो" या प्रश्नाकडे येऊ. एखाद्या अधिकाऱ्याने फाईल उघडून, खातेवह्या मागवून, प्रश्न विचारून केलेली तपासणी फारच थोड्या विवरणपत्रांच्या वाट्याला येते, हे खरेच आहे. उत्पन्नाची माहिती फक्त करदात्याच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असेल, तर न सांगितलेले उत्पन्न शोधण्यासाठी हाच एक महागडा मार्ग उरतो, आणि तो आपल्या वाट्याला येणार नाही असा हिशेब चुकवणारा करतो. त्याचा हिशेब बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. मात्र त्याच उत्पन्नाचा दुसरा कागद दुसऱ्याच कोणाकडून खात्याकडे पोहोचला, की तपासणीचे स्वरूपच पालटते. दोन आकडे समोरासमोर ठेवून वजाबाकी करायची असते, ती यंत्र करते, आणि दहा विवरणपत्रांसाठी जेवढा त्रास तेवढाच दहा लाखांसाठी. आपली फाईल निवडली जाईल का, हा प्रश्नच मग उरत नाही, कारण निवड करावी लागत नाही.

हा दुसरा कागद विश्वासार्ह का ठरतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ठेवीदाराला दिलेले व्याज हा बँकेच्या हिशेबात खर्च आहे. तो वजा करूनच तिचा करपात्र नफा ठरतो. एखाद्या ग्राहकाच्या भल्यासाठी बँकेने त्याचे व्याज कमी कळवायचे ठरवले, तर तिला एकतर स्वतःचा खर्च कमी दाखवून जास्त कर भरावा लागेल, किंवा ताळेबंद आणि कळवलेले विवरण यांत लेखापरीक्षकाला सहज दिसेल असा फरक ठेवावा लागेल. ज्याचा फायदा तुमच्या लपवण्यात नाही, असा साक्षीदार फोडता येत नाही. नाक्यावरचा दुकानदार आणि रोखीने खरेदी करणारा ग्राहक यांचे तसे नसते: बिल न करण्यात दोघांचाही लाभ असतो.

"प्रामाणिक भरतो, चोर चोरतोच" या वाक्याने लोक सर्वांत जास्त फसतात, कारण ते ऐकायला अनुभवाचे बोल वाटते. डेन्मार्कमध्ये ते प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले. तिथल्या करखात्याने संशोधकांबरोबर ४०,०००हून अधिक करदात्यांचा नमुना घेतला आणि त्यातल्या यदृच्छेने निवडलेल्या सुमारे निम्म्या लोकांची कसून तपासणी केली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मालक, बँका आणि इतर त्रयस्थांनी कळवलेल्या उत्पन्नात चुकवेगिरी जवळजवळ शून्य निघाली, तर ज्याला स्वतःच्या सांगण्याखेरीज पुरावा नव्हता अशा उत्पन्नात ती ४० टक्क्यांच्या आसपास होती. एकाच समाजातली, बऱ्याचदा एकाच विवरणपत्रातली ही दोन टोके आहेत. माणसांचे प्रामाणिक आणि चोर असे दोन कायमचे गट असते, तर उत्पन्नाचा प्रकार बदलल्याबरोबर वागणूक एवढी बदलली नसती.

कपात झाली नाही तर कळवण्याचा उपयोग काय, याचेही उत्तर आकड्यांत मिळते. अमेरिकेच्या करखात्याने २०१४ ते २०१६ या करवर्षांसाठी केलेल्या अंदाजानुसार, ज्या उत्पन्नावर कपातही होते आणि जे त्रयस्थाकडून कळवलेही जाते, त्यात चुकीच्या नोंदीचे प्रमाण १ टक्का होते. कपात नाही पण पुरेशी माहिती कळवली जाते, तिथे ६ टक्के. आणि ज्याची माहिती कोणीच फारशी देत नाही, तिथे ५५ टक्के. कपातीने फरक पडतो, हे यावरून मान्य करावे लागते. पण ५५ आणि ६ यांच्यातली दरी पाहता, खरे काम नुसत्या कळवण्यानेच केलेले आहे.

पगारदाराच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. त्याचा दुसरा कागद, म्हणजे फॉर्म १६, पूर्ण असतो. व्यवसाय करणाऱ्याचा अर्धवट. त्रयस्थ जमेची बाजू कळवू शकतो, खर्चाची बाजू धंदेवाल्याच्याच हातात राहते. इक्वेडोरमध्ये करखात्याने कंपन्यांना त्यांच्या विक्रीबद्दल बाहेरून मिळालेली माहिती दाखवली, तेव्हा त्यांनी विक्री वाढवून दाखवली खरी, पण वाढवलेल्या प्रत्येक डॉलरमागे ९६ सेंट खर्चही वाढवून दाखवला. व्याजाच्या बाबतीत ही पळवाट नाही, कारण ठेवीच्या व्याजातून वजा करण्याजोगा खर्चच सहसा नसतो. म्हणूनच बँकेच्या व्याजावर ही पद्धत इतकी चोख चालते आणि दुकानाच्या नफ्यावर तितकी चालत नाही. आपल्याकडेही व्याज कळवण्याचे हे बंधन बँका, सहकारी बँका, टपाल खाते आणि ठेवी स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत वित्त कंपन्यांवर आहे. गल्लीतली पतपेढी त्या यादीत नाही. तिथले व्याज करपात्र असूनही ते आजही बरेचसे सांगणाऱ्याच्या मर्जीवरच राहते, आणि विवरणपत्रांतून नेमके तेच गळते असा माझा अनुभव आहे.

कळवलेली माहिती चुकीची असू शकते, हा मुद्दा त्या मजकुरात नाही, पण तो असायला हवा होता. नेहमी दिसणाऱ्या चुका दोन. आईच्या पैशांची ठेव सोयीसाठी मुलाचे नाव पहिले घालून केलेली असते, त्यामुळे सगळे व्याज मुलाच्या पॅनवर येते. दुसरी गोष्ट बँकेची चूक नसून ठेवीदाराचा गोंधळ असतो: पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीवर बँक दरवर्षी साचलेले व्याज कळवते, आणि ठेवीदार मात्र पाच वर्षांनी पैसे हातात आल्यावर ते एकदम दाखवायचे ठरवून बसलेला असतो. नोंद खरोखर चुकीची असेल, तर वार्षिक माहिती विवरणात त्या ओळीसमोरच हरकत नोंदवण्याची सोय आहे. ती हरकत माहिती देणाऱ्या बँकेकडे खातरजमेसाठी जाऊ शकते, आणि बँकेने काय उत्तर दिले हे मे २०२४पासून तिथेच दिसू लागले आहे.

ते गृहस्थ पुढच्या वर्षी जूनच्या मध्यावर आले, बँकांची विवरणे पोर्टलवर उमटल्यानंतर. या वेळी चारऐवजी पाच ओळी होत्या. पाचवी ओळ त्यांच्या आईच्या ठेवीची होती. पहिले नाव त्यांचे आणि पैसे आईचे. आम्ही त्या ओळीवर हरकत नोंदवली, ते व्याज आईच्या विवरणपत्रात दाखवले, आणि बँकेत जाऊन नावांचा क्रम बदलण्याचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात दिला.