बँक खात्यासाठी कुठला कागद ओळखीचा आणि कुठला पत्त्याचा?

खातं उघडायला ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन वेगळे कागद लागतात हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पासपोर्ट हातात असूनही माणसं लाइट बिल शोधत बसतात. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात असं नाहीये. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, नरेगाचं जॉब कार्ड, नाव-पत्ता असलेलं राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं म्हणजे एनपीआरचं पत्र, यातला कुठलाही एक कागद ओळख आणि पत्ता दोन्हीला चालतो, फक्त त्यावर सध्याचा पत्ता पाहिजे.

आणि पॅन कार्ड या यादीत नाहीच. त्यावर पत्ता नसतो, ते टॅक्ससाठी लागतं. ते द्यायचंच, नसेल तर फॉर्म ६० भरायचा, पण पॅन दिलं म्हणजे केवायसी झालं असं नाही.

खरी पंचाईत होते ती गाव सोडून नोकरीला आलेल्या पोरांची. माझ्या भाचीचंच सांगते. आधारवर पत्ता गावचा, पुण्यात राहते भाड्याच्या खोलीत. बँकेत म्हणाले इथलं लाइट बिल आणा. आता बिल घरमालकाच्या नावावर, ते हिचा पुरावा कसा होणार? मग म्हणाले भाडेकरार आणा. तर नियमातल्या यादीत भाडेकरार आहे तो सरकारी खातं, सरकारी कंपनी, बँक किंवा लिस्टेड कंपनी वगैरेंनी कर्मचाऱ्याला जागा दिली असेल तेव्हाचा, आपण घरमालकाशी करतो तो साधा करार त्यात येत नाही.

मग करायचं काय? आधारवर अंगठा लावून ई-केवायसी करायचं आणि सध्याचा पत्ता वेगळा आहे असं स्वतः लिहून द्यायचं, बास. ही सोय नियमातच आहे. मी तिला म्हटलं, "काउंटरवर वाद घालू नकोस, सरळ मॅनेजर साहेबांना भेट आणि सेल्फ डिक्लरेशन घ्या म्हण." तसं केलं आणि झालं काम. तिला आधी हे कुणी सांगितलंच नाही याचाच मला राग येतो, कारण पगार जमा व्हायचा होता आणि पोरगी बिलासाठी घरमालकाच्या मागे फिरत होती.

लाइट बिलाचा उपयोग होतो, नाही असं नाही. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवीन पत्त्यासाठी स्वतःच्या नावाचं लाइट, पाणी, पाइप गॅस किंवा पोस्टपेडचं बिल चालतं, पण ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. घरपट्टीची पावतीही चालते. फक्त ही तात्पुरती सोय आहे, तीन महिन्यांच्या आत नवीन पत्ता असलेला मूळ यादीतला कागद द्यावाच लागतो. हे बँकवाले बहुतेक वेळा बोलतच नाहीत, म्हणून पावती किंवा बिल देऊन खातं उघडलं असेल तर लायसन्सवरचा पत्ता बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.