लिफ्ट बंद, रिपोर्ट हिरवागार

लिफ्टच्या देखभालीचं पाच वर्षांचं कॉम्प्रिहेन्सिव्ह कॉन्ट्रॅक्ट केलंत? म्हणजे सुटे भागही कंपनीच्याच गळ्यात? अभिनंदन! आता पाच वर्षं डोकं शांत ठेवायचं असेल तर खालचे उपाय मनापासून पाळा. सगळे आजमावलेले आहेत. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या तिमाही आढाव्यात 'लिफ्ट उपलब्धता ९९.९३ टक्के' अशी स्लाइड झळकली आणि टाळ्या पडल्या. त्या स्लाइडमागचं शास्त्र सर्वांपर्यंत पोचावं, एवढाच हेतू.

पहिला उपाय. लिफ्ट किती वेळ बंद होती याचा हिशेब कंपनीलाच ठेवू द्या. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासला की निकाल कसा वेळेवर लागतो.

दुसरा. वर्षाचे पैसे आगाऊ भरा, पाच टक्के सूट मिळते. दंड कशातून कापायचा हा किचकट प्रश्नही मग उरत नाही.

तिसरा उपाय सगळ्यांत गुणकारी आहे, म्हणून जरा सविस्तर. करारात 'उपलब्धता ९९ टक्के' एवढंच लिहा. कशाची, कोणत्या घड्याळाने मोजायची, हे लिहू नका. मग काय चमत्कार होतो बघा. चार विंग, प्रत्येकीला एक लिफ्ट. जानेवारी ते मार्च, ९० दिवस. बी विंगची लिफ्ट सोमवारी दुपारी १ वाजता बंद पडली, ती रविवारी दुपारी १ वाजता सुरू झाली. १४४ तास. तिमाहीत एका लिफ्टचे तास २१६०, म्हणजे बी विंगवाल्यांची उपलब्धता ९३.३३ टक्के. पण चारही लिफ्टची सरासरी काढली की एकूण तास ८६४० होतात आणि आकडा एकदम ९८.३३ वर चढतो. सातव्या मजल्यावरच्या आजी सहा दिवस घरात अडकल्या होत्या, पण ए विंगची लिफ्ट उत्तम चालत होती ना! सरासरीत आजी बसत नाहीत.

अजून ९९ झाले नाहीत? घाबरू नका. टेक्निशियन सोमवारी ३ वाजता आला, त्याने दरवाज्याच्या मोटरचा पट्टा तुटल्याचं पाहिलं आणि स्लिपवर लिहिलं, 'मटेरियल पेंडिंग'. या दोन शब्दांबरोबर घड्याळ थांबतं. पट्टा रविवारी सकाळी ९ वाजता आला, घड्याळ पुन्हा सुरू झालं, चार तासांत तो बसवून सेटिंगही झालं. आधीचे दोन आणि नंतरचे चार मिळून सहा तास. ८६४० पैकी सहा तास. ९९.९३ टक्के! टाळ्या.

आता हे घड्याळ कोणाच्या परवानगीने थांबलं? कॉन्ट्रॅक्ट कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. पट्टा आणणं हे कंपनीचं काम, त्याचे पैसे आपण भरतो. ज्या कामाचे पैसे घेतले ते न केल्याची वेळ हिशेबातून वजा करायची, म्हणजे गोदामात पट्टा न ठेवणाऱ्यालाच बक्षीस! पट्टा, दरवाज्याच्या लॉकचे कॉन्टॅक्ट, रोलर, कॉन्टॅक्टर, वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या यंत्राची बॅटरी, या वस्तू झिजणारच असतात. त्यांची यादी करारालाच जोडायची आणि त्या शहरातल्या गोदामात तयार ठेवण्याची अट घालायची. घड्याळ थांबायला कारणं मोजकीच: वीजपुरवठा नसणं, आपल्याच टाकीचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं, कोणी मुद्दाम केलेली मोडतोड आणि आधी कळवून घेतलेली देखभाल. सुटा भाग नाही, टेक्निशियन रजेवर आहे, ही कारणं नव्हेत. आणि टक्केवारी प्रत्येक लिफ्टची वेगळी. ९९ टक्के म्हणजे ९० दिवसांत एका लिफ्टला २१.६ तासांची सूट. ती काय कमी आहे?

असो. तोल जातोय. पुढचा उपाय.

चौथा. 'दोन तासांत टेक्निशियन पोचेल' यावर समाधान माना. तो पोचतो, बघतो, जातो. लक्ष्य शंभर टक्के पूर्ण! लिफ्ट किती तासांत चालू झाली हा आकडा वेगळा मागण्याचा आगाऊपणा करू नका. आत माणूस अडकला असेल तेव्हाची वेळ आणि बटणाचा दिवा गेला असेल तेव्हाची वेळ यांतही फरक करू नका.

पाचवा. एकाच दरवाज्याची तक्रार महिन्यात पाच वेळा आली तर ती पाच वेळा वेळेत सोडवल्याबद्दल कंपनीचे पाचदा आभार माना. तीस दिवसांत त्याच लिफ्टमध्ये तोच बिघाड आला तर ती 'पुन्हा आलेली तक्रार' म्हणून वेगळी मोजतात, आणि तिसऱ्या वेळी मूळ कारण लेखी मागतात. ते आपल्याला कशाला? टेक्निशियन प्रत्येक वेळी उंबरठ्याच्या खाचेतली धूळ झटकतो, झिजलेला रोलर तसाच ठेवतो. धूळ स्वस्त असते.

सहावा. मासिक देखभालीच्या कार्डावर वॉचमनची सही पुरे. चार लिफ्टची तपासणी बारा मिनिटांत कशी झाली, असं येण्याजाण्याच्या वेळा पाहून विचारलंत तर तुम्ही शंकेखोर.

सातवा, आढावा बैठक. बोलवायचं तर कंपनीच्या विक्रीच्या माणसालाच बोलवा. तो गोड बोलतो आणि त्याला एकही सुटा भाग मंजूर करता येत नाही. सर्व्हिसचा एरिया इन्चार्ज चुकूनही नको. रिपोर्ट तीन दिवस आधी मागू नका, स्लाइड तिथेच पहिल्यांदा बघण्यात गंमत आहे. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचू नका. नव्या इतिवृत्तात 'लवकरात लवकर' लिहा. नाव आणि तारीख लिहिली की माणसं दुखावतात. वडे गरम असतानाच संपवा.

आठवा. दंडाचा विषय निघाला की 'संबंध बिघडतील' म्हणा.

पुरे झालं. सेक्रेटरीसाहेब, खजिनदारसाहेब, दंडाचं कलम तुमच्याच सहीच्या करारात आहे. ९९ च्या खाली प्रत्येक पूर्ण टक्क्याला त्या लिफ्टच्या तिमाही बिलाचे पाच टक्के, कमाल दहा. बी विंगचा आकडा ९३.३३, म्हणजे पाच टक्के पूर्ण खाली. हिशेबाने पंचवीस टक्के, मर्यादेमुळे दहा. लिफ्टचं तिमाही बिल १८,००० रुपये, कापायचे १,८००. एवढीच रक्कम, आणि तीही कापवत नाही तुम्हाला! दहा टक्क्यांची मर्यादा दोन टक्क्यांच्या घसरणीतच गाठली जाते, त्यापुढे लिफ्ट सहा दिवस बंद राहो की सोळा, कंपनीला फरक शून्य. म्हणून तर सलग दोन तिमाही लक्ष्य चुकलं तर करार मोडण्याचं कलम घालायचं असतं. ते घातलंत? नाही. का, तर नमुना करार कंपनीनेच दिला होता आणि तो छान छापलेला होता.

निदान आता एक करा. वॉचमनकडे वही द्या: लिफ्ट कोणती, बंद कधी, कंप्लेंट नंबर काय, टेक्निशियन कधी आला, चालू कधी झाली. पाच रकाने. पुढच्या बैठकीत स्लाइडच्या आधी ती वही आणि कंपनीची तक्रार-यादी ओळीने जुळवा, फरक पडेल तिथे थांबा, आणि दंडाचं पत्र त्याच आठवड्यात पाठवा. मागच्या वर्षी अशी वही आणली होती म्हणे. ती आहे अजून गेटवरच्या टेबलाखाली, डगमगणाऱ्या पायाला टेकू म्हणून. काढा ती बाहेर.