निष्कर्ष आधी, पाणी नंतर

साताऱ्यातील शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा उत्कलनांक काढण्याची पाळी आपल्यावर आली, तर सर्वप्रथम प्रयोगवही उघडावी आणि निष्कर्षाच्या जागी ‘पाण्याचा उत्कलनांक 100 अंश सेल्सिअस आहे’ हे वाक्य सुवाच्य अक्षरांत लिहून टाकावे. हे वाक्य गाइडात आहे, गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांत आहे आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते आपल्याच वहीतून उतरवून घ्यायचे आहे. एवढे झाले की मग पाणी तापवायला हरकत नाही. मात्र ज्याचे उत्तर आधीच लिहिलेले आहे, त्यासाठी स्पिरिट जाळणे ही निव्वळ चैन आहे, याची जाणीव असू द्यावी.

अडचण येते ती तापमापीकडे पाहिल्यावर. समजा, चंचुपात्रात 200 मिलिलिटर पाणी आहे, तिपाईवरील जाळीखाली दिवा पेटलेला आहे आणि गटातील एक मुलगी दर मिनिटाला तापमान लिहून घेत आहे. पारा भराभर चढतो, नव्वदीनंतर थोडा रेंगाळतो, 96, मग 97, आणि पाणी खळखळा उकळू लागल्यावर 97.5 वर जाऊन बसतो. पुढच्या मिनिटाला 97.5, त्याच्या पुढच्याही मिनिटाला 97.5, दिव्याची ज्योत वाढवली तर बुडबुडे वाढतात, वाफ वाढते, पारा मात्र ढिम्म हलत नाही. “सर, आमचे साडेसत्त्याण्णवच येत आहे,” असे ती मुलगी सांगते, तेव्हा “अगं, पुन्हा नीट बघ,” हे उत्तर ठरलेलेच असते. येथे ‘नीट बघणे’ याचा अर्थ शंभर दिसेपर्यंत बघणे असा घ्यावा.

बघूनही शंभर दिसत नसेल, तर उपाय आहेत. तापमापीचा फुगा पाण्यात अधांतरी न ठेवता पात्राच्या बुडाला टेकवावा. खालून ज्योत लागत असल्यामुळे बूड पाण्यापेक्षा अधिक तापलेले असते आणि आकडा थोडाफार वर सरकतो. तेवढ्याने भागले नाही, तर पाण्यात मीठ घालावे. 200 मिलिलिटर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम मीठ विरघळवले की उत्कलनांक अडीच अंशांनी वाढून शंभराची रेघ गाठता येते. असे पाणी समुद्राच्या पाण्याच्या चौपट खारट होईल हे खरे, पण प्रयोगवहीची चव कोणी घेऊन पाहत नाही. हे सारे कष्टाचे वाटत असेल, तर तक्त्यातील 97.5 खोडून 100 करावे. फक्त सर्व ओळींतील खाडाखोड एकाच शाईने करावी.

काही प्रामाणिक विद्यार्थ्यांना तक्त्याला हात लावणे जिवावर येते. त्यांनी तक्त्यात 97.5 आणि निष्कर्षात 100 असे दोन्ही आकडे सुखाने नांदू द्यावेत व मध्ये ‘मानवी चुकीमुळे थोडा फरक आला’ हे वाक्य घालावे. कोणत्या मानवाने कोणती चूक केली, हे सांगण्याची पद्धत नाही. माणसाच्या हातून वाचनात चूक होते तेव्हा आकडे कधी वर, कधी खाली विखुरतात, आणि येथे तर पारा सलग पाच मिनिटे एकाच रेघेवर मुक्काम ठोकून होता, हा क्षुद्र तपशील आहे. तो परीक्षकांच्या लक्षात येत नाही, असा आजवरचा अनुभव आहे.

क्वचित मात्र एखादे शिक्षक वही परत करतात आणि समासात ‘निरीक्षणे पाहून निष्कर्ष पुन्हा लिहा’ असा शेरा मारतात. अशा वेळी काय करू नये, हे कळण्यासाठी त्या मुलीने काय केले ते पाहू. तिने आधी तापमापी तपासली: वितळत्या बर्फात धरली, तर पारा बरोबर शून्यावर आला. म्हणजे तापमापीवर खापर फोडण्याची सोय तिने स्वतःच्या हाताने घालवली. मग तिने लघुतम माप पाहिले. रेघा एकेका अंशाच्या होत्या, त्यामुळे अर्धा अंश इकडेतिकडे होऊ शकतो, पण अडीच अंश नव्हे. शिवाय पाऱ्याचा बराचसा स्तंभ पाण्याबाहेर, तुलनेने थंड हवेत राहतो व तिथे आकसतो, म्हणून वाचन सुमारे अर्ध्या अंशाने कमी येते, हेही तिने सरांकडून समजावून घेतले. एवढा उपद्व्याप केल्यावर तिने लिहिले:

‘आमच्या प्रयोगशाळेत पाणी उकळत असताना तापमान 97.5 अंश सेल्सिअसवर पाच मिनिटे स्थिर राहिले. पाण्याबाहेरील पाऱ्याची दुरुस्ती धरल्यास ते सुमारे 98 अंश होते. अपेक्षित 100 अंश आम्हाला मिळाले नाहीत आणि हा फरक तापमापीच्या लघुतम मापापेक्षा जास्त आहे.’

पाहा, तीन वाक्यांत एकही सुविचार नाही, ‘अशा प्रकारे सिद्ध झाले’ नाही, आणि जे मिळाले नाही त्याचीसुद्धा नोंद आहे. अशा निष्कर्षाला भारदस्तपणा कोठून येणार?

त्याच गटातील एका हुशार मुलाने भारदस्तपणा आणण्याचा प्रयत्न केला. शंभर अंश हा आकडा हवेचा दाब 760 मिलिमीटर पाऱ्याइतका असतानाचा आहे, ही पाठ्यपुस्तकातील सहसा वगळली जाणारी अट त्याने शोधून काढली. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर असल्याने येथे दाब साधारण 700 मिलिमीटरच भरतो आणि दर 300 मीटरला उत्कलनांक अंदाजे एका अंशाने उतरतो, हा हिशेबही त्याने मांडला. हिशेब चोख आहे. उत्तर 98 च्या जवळ येते. पण त्यावरून त्याने ‘उंचीमुळे पाण्याचा उत्कलनांक कमी होतो, हे या प्रयोगाने सिद्ध झाले’ असे लिहिले, आणि शेरेवाल्या सरांनी तेही कापले. प्रयोग एकाच उंचीवर झाला होता, दाब कोणी मोजलाच नव्हता. तेव्हा हे संभाव्य कारण म्हणून चर्चेत लिहावे, निष्कर्षात नको, असे त्यांचे म्हणणे. गाइडातले खोटे शंभर पुसून त्या जागी खरे पण न मोजलेले वाक्य लिहिले, तरी त्यांचे समाधान होत नाही. अशा शिक्षकांची तुकडी टाळता आली तर पाहावे.

नाहीच टाळता आली, तर निदान दुसऱ्या उंचीवर जाऊन मोजण्याची सूचना कोणी करणार नाही याची दक्षता घ्यावी. सांगलीला जायला हरकत नाही. ती साताऱ्यापेक्षा दीडएकशे मीटरच खाली आहे, म्हणजे फरक अर्ध्या अंशाचा, आणि तो या तापमापीवर धड दिसणारही नाही. अजिंक्यताऱ्यावर स्पिरिटचा दिवा नेला तर फरक जेमतेम एका अंशाचा पडेल आणि वाऱ्याने दिवा विझल्याची सबबही हाताशी राहील. रत्नागिरीला तर अवश्य जावे, तेथे समुद्रकाठी शंभराच्या अगदी जवळचा आकडा मिळून मूळ निष्कर्षाची अब्रू वाचेल. धोका आहे तो महाबळेश्वरचा. ते साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तेथे पारा 95 च्या जवळपासच थांबेल, आणि हा फरक एक अंशाच्या रेघांवरही लपवता येणार नाही. म्हणून शाळेची सहल तिकडे निघालीच, तर त्या मुलीचे दप्तर बसमध्ये चढण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे.