मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडायचं म्हणजे

आज मामेबहिणीचा फोन आला, रडवेली झाली होती. घरातल्या बैठकीत ती जेमतेम एक वाक्य बोलली आणि लगेच, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस! अरे, सव्वीस वर्षांची आहे ती. घरातली बिलं भरायला, दवाखान्याचे कागद सांभाळायला मोठी, आणि मत दिलं की लहान? डोकंच फिरतं.

आमच्याकडे आजी पडली तेव्हा असंच झालेलं. थोरल्या काकांनी जाहीर केलं, आजी प्रत्येक मुलाकडे तीन-तीन महिने राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजीच्या खोलीत झोपायचे मी, त्यामुळे मला माहीत होतं की ती रात्री उठते आणि दिवा न लावता भिंत चाचपत बाथरूमला जाते. दर तीन महिन्यांनी नवीन भिंत म्हणजे ती परत पडणारच ना!

पण हे मी तिथे पहिल्यांदा नाही काढलं. आदल्या दिवशीच आत्याला सांगून ठेवलं, कारण काका तिचं ऐकतात, आणि चारचौघांत अचानक काही निघालं की माणूस मुद्दा सोडून स्वतःचा मान सांभाळत बसतो. बैठकीत काकांचं पूर्ण होऊ दिलं. मग म्हटलं, "काका, जबाबदारी सगळ्यांनी वाटून घ्यायची हे तुमचं बरोबरच आहे, फक्त रात्रीचं एक सांगू का?" आणि जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगितलं. "तुमचं चुकतंय" नाही, "तुम्ही कधी रात्री थांबलात का" तर अजिबातच नाही (जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू). शेवटी विचारलं, नवीन जागी रात्री कसं करायचं?

काका भडकले. "आम्हाला आईची काळजी नाही का?" इथेच आपण घसरतो, काळजीवरच वाद घालत बसतो. मी एवढंच म्हटलं, "आहे ना, म्हणूनच तुम्हाला विचारतेय," आणि गप्प बसले. मग आत्या म्हणाली, आईलाच विचारा की. तोपर्यंत तिला कोणी विचारलंच नव्हतं, बोला!

ठीक आहे, मोठ्यांनी घरासाठी खस्ता खाल्ल्यात, मान्य. म्हणून त्यांना रात्रीचं आपोआप दिसतं असं नाही.

आणि "बघू" वर उठू नका. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. मी विचारलं, "मग रविवारी बसूया का परत?" त्या रविवारी ठरलं, आजी आहे तिथेच राहील आणि मुलं आळीपाळीने येऊन राहतील.

हे दर वेळी चालतं असं नाही हं. बैठकीच्या आधीच सगळं ठरलेलं असेल तर तिथे बोलून फक्त शिव्या मिळतात, अशा वेळी नंतर एकेकाला एकटं गाठावं.

बाकी काका आता सगळ्यांना सांगतात की आळीपाळीची आयडिया त्यांचीच होती. सांगू देत.