पंप बंद करायला सांगणारा मेसेज आणि आत्याचा दम

«सीओपीडी वगैरे काही नसतं, म्हातारपणी लागतो तो दमाच. आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला सीओपीडी होऊच शकत नाही. पंपाची सवय लागते आणि फुफ्फुसं कायमची कमजोर होतात, म्हणून पंप आजच बंद करा. दम लागला की जोरजोरात कपालभाती करा, तीन महिन्यांत फुफ्फुसं पहिल्यासारखी होतील. घरातल्या सगळ्या ज्येष्ठांना पाठवा.»

हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिने श्वासातून औषध घ्यायचा पंप उशीखाली ठेवून दिला आणि पुढच्या आठवड्यात कफ हिरवा-पिवळा झाला, खाटेवरून न्हाणीपर्यंत जाणं होईना, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८४. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी छातीच्या विभागात फुफ्फुसांची फुंकर-तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करते. असे मेसेज वाचून पंप सोडलेली माणसं माझ्यासमोर रोज बसतात. त्यामुळे आता शांत बसणं जमत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट आधी घेते, ती म्हणजे दम लागलेला असताना कपालभाती. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार, त्यात अडचण श्वास आत घेण्यात कमी आणि बाहेर सोडण्यात जास्त असते. फुफ्फुसाची लवचीकता गेलेली असते, बारीक नळ्या सैल आणि अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. अशा माणसाने भराभर श्वास घेतला, की आधीची हवा पुरती निघायच्या आत पुढची येते. भरलेल्या एसटीतून मागचे उतरायच्या आतच पुढचे चढायला लागावेत, तशी गत होते. प्रत्येक श्वासाला थोडी हवा आत अडकते, छाती फुगत जाते, आणि फुगलेल्या छातीत नवा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. त्यात पोटाला हिसके देऊन जोराने हवा बाहेर ढकलली, की छातीतल्या दाबाने त्या सैल नळ्या मिटतात आणि हवा आणखी अडकते. म्हणजे मेसेज जे करायला सांगतो, त्यानेच धाप वाढते. दम्याच्या झटक्यातही नळ्या आवळलेल्याच असतात, तेव्हा तिथेही हा सल्ला चालत नाही.

आत्याला नेमकं उलटं करायचं कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती ते कित्येक वर्षं करत होती. विहिरीवरून पाणी आणलं की ओट्यावर बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायची आणि ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडायची. घरातली पोरं तिला हसायची. पण त्या चंबूमुळे नळ्यांमध्ये थोडा दाब टिकून राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. नाकाने दोन आकडे मोजत श्वास आत, मिटत्या ओठांतून चार आकडे मोजत बाहेर, घाई नाही. हे व्यायाम म्हणून शिकवलं जातं आणि धाप लागलेली असतानाही करता येतं. तब्येत स्थिर असताना कुणी सावकाश प्राणायाम करत असेल तर माझा विरोध नाही, फक्त तो पंपाच्या बदल्यात नको.

आता विडी-सिगारेटचं. आत्या यवतमाळकडची. तिच्या आयुष्यात तिने विडीला हात लावलेला नाही. पण लग्नानंतर चाळीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. घर कौलारू, एकच दार, धूर वर जायला नीट जागा नाही, आणि जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापायचं. पुण्यात काम केलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सीओपीडी झालेल्या पण धूम्रपान न केलेल्या लोकांबद्दलचा जगभरचा अभ्यास एकत्र करून मांडला. त्यात सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं असं दिसतं, आणि लाकूड, गोवऱ्या, शेतातला काडीकचरा यांचा धूर हे त्यामागचं मोठं कारण म्हणून पुढे येतं. आपल्या गावागावातल्या आत्या, माम्या, काक्या यातच मोडतात. ‘ओढत नाही ना, मग तो नाहीच’ असं ठरवून टाकल्यामुळे त्यांची तपासणीसुद्धा होत नाही, ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. या मेसेजमधल्या याच वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

म्हातारपणी लागतो तो सगळा दमाच, या म्हणण्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. साठीनंतरही पहिल्यांदा दमा सुरू होतो. काहींना दोन्ही असतात. वर्षानुवर्षं उपचार न झालेल्या दम्यात नळ्या कायमच्या आखडतात आणि मग तपासणीतही फरक पुसट होतो. दोन्हीत छाती घरघरते, दोन्हीत खोकला येतो, आणि साधा छातीचा एक्स-रे अनेकदा काहीच सांगत नाही. शिवाय वयस्कर माणसाला हृदय कमजोर झाल्यानेही दम लागतो, विशेषतः आडवं झाल्यावर, तेही बघावंच लागतं. पण ओळखायला अवघड आहे म्हणून दोन आजारांचा एक होत नाही.

आमच्या शेजारच्या काकू आत्याच्याच वयाच्या, त्यांना दमा आहे. त्यांचा दम येतो आणि जातो. पावसाळ्यात भिंतींना ओल आली, जुनी गोधडी झटकली, फोडणीचा ठसका किंवा उदबत्तीचा धूर बसला की छातीत शिट्टी वाजते. पहाटे तीन-चारला उठून बसतात आणि दुपारी जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालतात. मधले कित्येक दिवस त्यांना काही म्हणजे काही होत नाही. एकदा मात्र कारण सापडत नव्हतं. शेवटी पिशवीतली सगळी औषधं ओतून बघितली, तर काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले होते. डोळ्यात घातलेलं हे औषध रक्तात जातं आणि दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. घरात कुणा ज्येष्ठाला दमा असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. काहींना ॲस्पिरीन किंवा तसल्या दुखण्याच्या गोळ्यांनीही झटका येतो.

आत्याचं तसं नाही. तिचा दम रोजचा आहे आणि चालण्याशी बांधलेला आहे. आधी चढावर लागायचा, मग सपाटीवर बरोबरीच्या बायकांच्या मागे पडायला लागली, नंतर शंभर पावलांवर थांबायला लागली. सकाळी उठल्यावर कफ पडतो. बरा दिवस आणि वाईट दिवस असतो, पण पूर्ण मोकळा दिवस नसतो. आणि तिचा आजार एकदम उसळतो तो बहुतेक वेळा सर्दी-तापाच्या संसर्गाने किंवा धुराने. तेव्हा कफ वाढतो, त्याचा रंग बदलतो.

मशीनवर हा फरक आकड्यांत दिसतो. पूर्ण छाती भरून जोरात फुंकायचं, एकूण किती हवा निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे मोजायचं. मग साल्ब्युटामॉल या नळ्या उघडणाऱ्या औषधाचे चार झुरके देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. काकूंची पहिल्या सेकंदातली हवा १.२० लिटरवरून १.६२ वर गेली, म्हणजे ४२० मिलीने, ३५ टक्क्यांनी वाढली. औषधाने २०० मिली आणि १२ टक्के या दोन्ही रेघांपलीकडे वाढ झाली, तर नळ्या उघडतात असं धरलं जातं, आणि एवढी मोठी उडी दम्याकडे बोट दाखवते. आत्याची ०.९२ वरून ०.९९ वर, फक्त ७० मिली. एकूण निघालेली हवा १.९० लिटर, म्हणजे औषधानंतरही पहिल्या सेकंदात जेमतेम ५२ टक्के. औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांखाली राहिलं, आणि लक्षणं व धुराचा इतिहास जुळला, की ती सीओपीडी. नाव डॉक्टरांनी उगाच काढलेलं नाही.

नावाने फरक काय पडतो, तर औषध बदलतं. दम्यात मूळ औषध म्हणजे पंपातलं स्टिरॉइड. ते सोडून नुसता नळ्या उघडणारा पंप ओढत राहणं धोक्याचं आहे. आत्यासारख्या सीओपीडीत भर नळ्या दीर्घकाळ उघड्या ठेवणाऱ्या औषधांवर असतो. तिथे स्टिरॉइड सरसकट लागत नाही, ठरावीक रुग्णांनाच देतात, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो.

पंपाची सवय हा शब्द कुणी पसरवला कोण जाणे. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या दोन झुरक्यांत ०.२. म्हणजे गोळीत वीस पट, आणि तेही रक्तातून सगळ्या अंगभर, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप भीतीने सोडणारे लोक हीच गोळी बिनधास्त खातात. हां, उघडणारा पंप दिवसातून अनेकदा लागायला लागला तर ती सवय लागलेली नसते, आजार आटोक्यात नसल्याची खूण असते. डॉक्टरांकडे जायचं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची आणि थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. आणि हात आणि श्वास यांची वेळ जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायचा. वयस्कर माणसांचं निम्मं औषध घशातच बसतं, आणि मग ‘पंपाने काही होत नाही’ असं वाटतं.

तीन महिन्यांचं आश्वासन सरळ खोटं आहे. दमा पंपाने आटोक्यात ठेवला तर काकूंसारखी माणसं जवळपास सगळ्यांसारखं आयुष्य काढतात. सीओपीडीत गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदातली हवा वयानुसार दर वर्षी साधारण ३० मिलीने कमी होतेच, धूर सुरू राहिला तर ती उतरण अनेकांत आणखी तीव्र होते. आणि आजार मोठा उसळला की काहीजण पूर्वीच्या पातळीवर परत पोचतच नाहीत. म्हणून आत्याला दवाखान्यात पोचवणाऱ्या मेसेजचा हिशोब तीन महिन्यांचा नाही, तो बराच लांबचा आहे.

पण उतरण मंदावता येते आणि दम कमी करता येतो. आत्याच्या घरी अंघोळीच्या पाण्यासाठी आता गॅसवरच भांडं चढतं, मच्छर कॉइल बंद केली, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली, पंप सकाळच्या चहाच्या आधी ठेवला आहे. रोज अंगणात तिच्या चालीने, मध्ये बसत बसत चालणं सुरू आहे. कफाचा रंग बदलला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, किंवा ऑक्सिमीटर तिच्या नेहमीच्या आकड्याखाली घसरला, तर वाट न बघता दवाखाना, असं भावाने भिंतीवर लिहून ठेवलं आहे. तुमच्या घरात कुणी हा मेसेज वाचून पंप बाजूला ठेवला असेल, तर आज त्याच्यासमोर बसा, पंप हातात द्या, आणि या आठवड्यात स्पायरोमेट्री करून घ्या.