अंडी तळून ओलावा लॉक होत नाही

"अंडाकरीतली अंडी मऊ हवी असतील तर उकडलेली अंडी अख्खी, चिरा न देता, सोनेरी होईपर्यंत तळा. वरून सील बसतं, ओलावा आत लॉक होतो, मग रश्श्यात कितीही उकळा, चिवट होत नाहीत आणि मसाला आतपर्यंत मुरतो."

आमच्या फॅमिली ग्रुपवर हे दोन-तीनदा येऊन गेलं, मी काही बोलले नाही. पण परवा मावशीने वाचून तसंच केलं आणि कढईत अंडं फुटून तेल तिच्या मनगटावर उडालं, चांगला रुपयाएवढा फोड आलाय, त्यामुळे आता लिहितेच.

आधी ते "चिरा न देता". यातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच आहे. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे जवळजवळ ८८ टक्के पाणी. गरम तेलात वरचा थर वाळून त्याची कडक पापडी होते, खालच्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती पापडी फोडून येते, सोबत तेल घेऊन. त्यात अंडी सोलून ओलीच टाकली असतील तर अजून वाईट. म्हणून अंडी फडक्याने कोरडी पुसायची आणि सुरीने ३-४ उभ्या चिरा द्यायच्या, पिवळ्यापर्यंत जाणार नाहीत इतक्याच. आमच्या आजीपासून सगळ्या बायका चिरा देत आल्यात, ते उगाच नाही.

आता ते सील. अंडं तेलात टाकल्यावर जो तडतड आवाज येतो तो कसला असतो? पाण्याचाच ना, अंड्यातून बाहेर पडणाऱ्या. ओलावा आत अडकला असता तर तडतडलं कशाला असतं? ही कल्पना मुळात मटणाची, एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टने मांडलेली, की वरून भाजलं की रस आत बंद होतो. हॅरॉल्ड मॅकगी यांच्या १९८४ च्या 'ऑन फूड अँड कुकिंग' या पुस्तकात ती साफ खोडून काढलीय, भाजल्याने चव आणि रंग येतो, रस अडत नाही. अंड्याबद्दलही त्यात आहे की पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन ८० अंशांच्या आसपास घट्ट होतं, त्यापुढे जास्त उष्णता दिली की ते आवळत जातं आणि पाणी पिळून टाकतं. तळायचं तेल तर १५० च्या वर असतं. म्हणजे ज्याने अंडं चिवट होतं तेच आपण मऊपणासाठी करतोय!

खात्री हवी म्हणून मी एकाच रश्श्यात दोन प्रकारची अंडी टाकून पाहिली. ४ मिनिटं तळून तपकिरी केलेल्याची साल चमच्याने कापेना, दाताखाली पापुद्र्यासारखी वेगळी निघत होती. मिनिटभर परतलेलं चमचा टेकवताच कापलं गेलं.

मसाला आतपर्यंत मुरतो हेही नाही. दुसऱ्या दिवशीचं अंडं मधोमध कापून बघा, रंग वरवर आणि चिरांमध्ये असतो, आत पांढरंच.

एक मान्य करते, थोडं परतण्यात तथ्य आहे. वरचा गुळगुळीतपणा जातो, त्यामुळे रस्सा अंड्याला धरून राहतो आणि हळद-तिखटाची चव लागते, बंगालमध्ये तर अंड्याच्या रश्श्यासाठी हळद-मीठ लावून परततातच. पण ते चवीसाठी. मऊपणा ठरतो तो उकडण्यात आणि रश्श्यात किती वेळ ठेवलं त्यात.

मी ६ अंड्यांना असं करते. उकळत्या पाण्यात अंडी हळूच सोडून मध्यम आचेवर १० मिनिटं, लगेच गार पाण्यात. पिवळ्याभोवती हिरवट-करडी कडा दिसली तर समजा जास्त उकडलं. सोलून, पुसून, चिरा देऊन २ चमचे तेलात मंद आचेवर पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा तिखट टाकायचं, लगेच अंडी घालून मिनिटभर फिरवायची. केशरी रंग बसला की काढायची, पापडी धरायची वाट बघायची नाही, आणि आच मोठी ठेवली तर तिखट आधी जळतं. मग त्याच कढईत कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, गरम पाणी, मीठ, आणि रस्सा ७-८ मिनिटं चांगला उकळू द्यायचा, अंडी न घालता. शेवटी आच मंद करून अंडी सोडायची, ३-४ मिनिटं, गॅस बंद, झाकण. मुरायचं ते झाकणाखाली मुरू दे.

उरलं आणि सकाळी गरम करायचं असेल तर आधी अंडी बाजूला काढा, नुसता रस्सा उकळून घ्या, मग गॅस बंद करून अंडी त्यात टाका. मावशीला हे फोनवर सांगितलंय, पट्टी निघाली की करून बघणार म्हणाली.